एकाचे दुसरे नाव

पेकिंगसारख्या एखाद्या मोठ्या चिनी शहरातील वसाहतीत राहणाऱ्या गृहस्थाने आपला पत्ता तोंडी सांगावा, आणि त्या पत्त्यात इमारतीचा क्रमांक ११, जिन्याचा क्रमांक २ व घराचा क्रमांक ११०१ असावा, म्हणजे नुकतेच एक ते दहा हे आकडे पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याच्या कानांवर जे शब्द पडतात ते असे : "श्श-यी हाओ लौ, अर् दान-युएन, याओ याओ लिङ् याओ." इमारत अकरा, जिना दोन, येथवर सर्व काही शिकल्याप्रमाणे चाललेले असते, परंतु इमारतीच्या पाटीवरचे जे दोन एक "श्श-यी", म्हणजे दहा-आणि-एक, असे वाचले गेले तेच दोन एक घराच्या दारावर येताच "याओ याओ" होतात, आणि "एक" या अर्थाचा म्हणून जो "यी" शब्द त्याने पहिल्याच दिवशी गिरविला होता त्याचा त्या चार अंकांत मागमूसही उरत नाही. हा बोलणाऱ्याचा लहरीपणा नव्हे, की एखाद्या प्रांताची बोलीही नव्हे. चिनी भाषेच्या प्रमाण बोलीत आकडे मोठ्याने वाचण्याचे दोन स्वतंत्र शिरस्ते आहेत, आणि वर दिलेल्या एकाच पत्त्यात ते दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत.

पहिला शिरस्ता मोजदादीचा. वस्तू किती, रुपये किती, माणसे किती असा प्रश्न असतो तेव्हा चिनी मनुष्य प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाचे नाव जोडून संख्या वाचतो. दहासाठी "श्श", शंभरासाठी "बाय", हजारासाठी "छ्येन", दहा हजारांसाठी "वान" अशी ही स्थाननामे आहेत, आणि त्यांची रचना इतकी सरळ आहे की मराठीतील एकोणचाळीस, त्रेचाळीस, अठ्ठ्याण्णव या प्रत्येकी वेगळ्या घडविलेल्या शब्दांच्या अरण्यात लहानपण घालविलेल्या आपल्यासारख्यांना तिचा हेवा वाटावा. कारण तेथे त्रेचाळीस म्हणजे चार-दहा-तीन आणि अठ्ठ्याण्णव म्हणजे नऊ-दहा-आठ, यापलीकडे पाठ करण्यासारखे काही नाही. या पद्धतीने ११०१ ही संख्या वाचावयाची तर ती "एक हजार, एक शंभर, शून्य, एक" अशी होते. मध्ये जे शून्य, म्हणजे "लिङ्", उच्चारले गेले त्याचे काम एवढेच की येथे एक स्थान रिकामे आहे हे ऐकणाऱ्याला कळावे. रिकामी स्थाने लागोपाठ दोन असली तरी "लिङ्" एकदाच म्हणावयाचे, असा येथे दंडक आहे. त्यामुळे १००५ रुपये हे "एक हजार, शून्य, पाच" असेच वाचले जातात, आणि हजार हे स्थाननाम उच्चारलेले असल्यामुळे पाच हा एकंस्थानी आहे याविषयी कोणाला संशय राहत नाही.

दुसरा शिरस्ता ओळख पटविण्याचा. दूरध्वनीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, विमानाच्या फेरीचा क्रमांक, ओळखपत्रावरचा क्रमांक हे सर्व अंकांत लिहिलेले असले तरी त्यांनी कशाचीही मोजदाद होत नाही; ११०१ क्रमांकाच्या घराला अकराशे शेजारी असतात असे नव्हे. येथे अंक हे अक्षरांसारखे एकापुढे एक मांडलेले असतात, आणि म्हणून चिनी मनुष्य ते अक्षरांसारखेच एकेक करून, कोणतेही स्थाननाम न लावता वाचतो. स्थाननाम गेले की शून्याचा दंडकही बदलतो. १००५ रुपयांत एकदाच उच्चारलेले "लिङ्" १००५ क्रमांकाच्या खोलीत दोनदा उच्चारावे लागते : "याओ लिङ् लिङ् वू". त्यांपैकी एक जरी गाळले तरी ऐकणारा १०५ क्रमांकाच्या खोलीकडे चालू लागेल. कारण "याओ लिङ् वू" हे त्या दुसऱ्या खोलीचेच नाव आहे. परकीयांच्या हातून होणाऱ्या चुकांत ही फार नित्याची, आणि तिचे मूळ असे की मोजदादीत ज्या काटकसरीचे पाठ्यपुस्तकात कौतुक केलेले असते तीच काटकसर ते येथेही करू जातात.

कोणता आकडा कोणत्या शिरस्त्याने वाचावयाचा, याविषयी ढोबळ नियम असा सांगता येतो की एक वा दोन अंकांचा क्रमांक मोजदादीच्या पद्धतीने आणि तीन वा अधिक अंकांचा क्रमांक एकेका अंकाने वाचावा. पहिल्या क्रमांकाची बस ही "यी लू", म्हणजे मार्ग एक. अकराव्या क्रमांकाची "श्श-यी लू". परंतु ३३१ क्रमांकाची बस "सान सान याओ लू". हाच नियम आरंभीच्या पत्त्यातही लागू पडलेला दिसेल : इमारतीचा ११ दोन अंकी, म्हणून "श्श-यी"; घराचा ११०१ चार अंकी, म्हणून "याओ याओ लिङ् याओ". त्या घराच्या क्रमांकाची आणखी एक फोड करता येते, ती अशी की त्यातील पहिले दोन अंक मजल्याचे आणि शेवटचे दोन त्या मजल्यावरील घराचे असतात. येथे मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी : चीनच्या मुख्य भूमीवर जमिनीलगतच्या मजल्याला आपल्याप्रमाणे तळमजला न म्हणता पहिला मजला म्हणतात, म्हणून ३०१ क्रमांकाची खोली आपल्या हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर असते. अंक बिनचूक ऐकूनही मनुष्य चुकीच्या दारापुढे उभा राहतो तो यामुळे.

दोन या अंकासाठीही चिनी भाषेत दोन शब्द आहेत. दोन माणसे, दोन पुस्तके अशी वस्तूंची गणती करताना "ल्यांग" म्हणतात, आणि नुसता अंक उच्चारताना "अर्" म्हणतात. क्रमांकांच्या वाचनात सामान्य व्यवहारात नेहमी "अर्" च येतो, कारण तेथे दोन म्हणजे दोन वस्तू नव्हेत, तर ते केवळ एक चिन्ह आहे. 

एकेक अंक सुटा वाचण्याच्या या रीतीचा एक मोठा लाभ आहे, तो चीनच्या दक्षिणेकडील लोकांचे बोलणे ऐकल्यावाचून सहसा लक्षात येत नाही. चारासाठीचा शब्द "स्स" आणि दहासाठीचा शब्द "श्श"; पहिल्यात जीभ दातांपाशी, दुसऱ्यात ती मागे वळलेली, आणि स्वर म्हणावा तर दोहोंतही धड स्वर नाही, केवळ त्या व्यंजनाचाच लांबविलेला घोष. पहिल्याचा सूर वरून खाली पडणारा आणि दुसऱ्याचा खालून वर जाणारा, एवढा काय तो आणखी भेद. उत्तरेत हा भेद कटाक्षाने पाळतात. परंतु दक्षिणेकडील पुष्कळ प्रांतांत "श" चा उच्चार "स" च होतो, आणि मग चौदा म्हणजे "श्श-स्स" व चाळीस म्हणजे "स्स-श्श" हे दोन्ही "स्स-स्स" होऊन बसतात. केवळ सुराच्या चढउतारावर चौदाची आणि चाळिसाची निवड करणे बाजाराच्या गलबल्यात किंवा फोनच्या खरखरीत सोपे नाही. सुट्या अंकांच्या वाचनात मात्र दहा हा शब्दच येत नाही : १४ हे "याओ स्स" आणि ४० हे "स्स लिङ्". ज्या शब्दाशी गोंधळ व्हावयाचा तोच वाचनातून हद्दपार झाल्यामुळे गोंधळाचे कारणच उरत नाही. लांब क्रमांक एकेक अंकाने वाचण्यात स्थाननामांची अक्षरे वाचतात आणि वेळही बहुधा थोडा कमीच जातो; पण अर्थाचा जो निश्चय पदरी पडतो तो त्या वाचलेल्या वेळाहून कितीतरी मोलाचा आहे, असे मला वाटते.

परंतु दहा हा शब्द वगळूनही एक जोडी शिल्लक राहते, आणि तीच "याओ" च्या अवताराचे कारण आहे. एक म्हणजे "यी", सात म्हणजे "छी". दोहोंचा स्वर एकच, तो दीर्घ ई. दोहोंचा सूरही एकच. चिनी भाषेच्या चार सुरांपैकी पहिला, जो आरंभापासून शेवटापर्यंत उंचावर सपाट राहतो तो. म्हणजे ज्या भाषेत अन्यत्र शब्दांचा भेद दाखविण्याचे काम सूर करतो त्या भाषेत या एका जोडीसाठी सुराचे साहाय्य मुळीच मिळत नाही, आणि एकाला सातापासून वेगळे ठेवण्याचा सारा भार "छ" या एका व्यंजनावर येऊन पडतो. आता हे व्यंजन कसे आहे? जीभ तालूपाशी नेऊन हवा घासत सोडली असता जो एक बारीक सूसकार निघतो तेवढाच त्याचा जीव. आणि अशा सूसकाराची बहुतेक शक्ती ध्वनीच्या फार वरच्या कंपनसंख्यांत साठविलेली असते. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० इतक्या कंपनांच्या दरम्यानचाच आवाज तारेवरून पुढे पाठवीत असे. बोलणे समजण्यास तेवढा पट्टा पुरतो. परंतु "छ" चा सूसकार बव्हंशी त्या पट्ट्याच्या बाहेर, वर, राहतो. तो गाळला गेला म्हणजे पलीकडे पोचते ती उंच सपाट सुरातली एक "ई", आणि ती एकाची की साताची हे केवळ अनुमानाने ठरवावे लागते.

या अनुमानाची किंमत काय असते ते पाहावे. चीनच्या मुख्य भूमीवर पोलिसांना बोलावण्याचा क्रमांक ११०, आग लागल्यास ११९, रुग्णवाहिकेसाठी १२०, रस्त्यावरील अपघातासाठी १२२, आणि एखाद्या कार्यालयाचा दूरध्वनी विचारावयाचा तर ११४. या सगळ्यांचा आरंभ एकाने होतो. ते लोकांच्या तोंडी "याओ याओ लिङ्", "याओ याओ ज्यौ", "याओ अर् लिङ्", "याओ अर् अर्", "याओ याओ स्स" असेच आहेत. पेकिंगचा दूरध्वनी-विभागाचा क्रमांक ०१० हा "लिङ् याओ लिङ्", शांघायचा ०२१ हा "लिङ् अर् याओ". हल्लीच्या खिशात बाळगण्याच्या फोनचे क्रमांक तर अकरा अंकी असून त्या प्रत्येकाचा पहिला अंक एकच असतो. म्हणजे तेथील कोणीही मनुष्य आपला क्रमांक सांगू लागला की त्याच्या तोंडून पहिले अक्षर निघते ते "याओ".

असा एक क्रमांक सबंध वाचून पाहू, आणि त्यासाठी कोणाचा खाजगी क्रमांक न घेता चायना मोबाईल या कंपनीचा फोनमध्ये पैसे भरण्याकरिता जाहीर केलेला, चिनी लोकांच्या चांगल्या परिचयाचा क्रमांक घेऊ : १३८००१३८०००. वाचताना याचे तीन, चार आणि चार अंकांचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा "याओ सान बा", मग क्षणभर विराम, दुसरा "लिङ् लिङ् याओ सान", पुन्हा विराम, आणि तिसरा "बा लिङ् लिङ् लिङ्". हे विराम शोभेचे नव्हेत. ऐकणारा एका दमात तीन-चार अंकांहून अधिक अंक सहसा बिनचूक लिहून घेऊ शकत नाही, आणि वाचणाऱ्याने तुकडे मोडून वाचले, तर ऐकणाऱ्याला प्रत्येक विरामापाशी आपण लिहिलेल्या अंकांची संख्या ताडून पाहता येते. एखादे "लिङ्" हरवले असले तर ते तेथेच सापडते. आपल्याकडे दहा अंकी क्रमांक जोड्याजोड्यांनी, "अठ्ठ्याण्णव बावीस" असा, सांगण्याची चाल पुष्कळांना आहे. चिनी मनुष्य तसे करीत नाही, आणि त्याच्या भाषेत बावीस म्हणजे दोन-दहा-दोन असल्यामुळे तसे करण्यात त्याला काही लाभही नाही. क्रमांक ऐकून घेणारा मनुष्य बहुधा तो तसाच, तुकड्यातुकड्यांनी, परत म्हणून दाखवितो. सांगणाऱ्याने "यी" म्हटले असले तरी परत म्हणताना तो "याओ" म्हणेल, आणि नवख्याने येथे आपल्याला दुरुस्त केले असे समजून ओशाळण्याचे कारण नाही. "यी" म्हणणे अशुद्ध नाही, परंतु त्यामुळे ऐकणाऱ्याला खात्री करून घ्यावी लागते.

आता हा "याओ" आला कोठून? दूरध्वनीच्या सोयीसाठी कोणी तो नव्याने घडविला असे नाही. दूरध्वनी अस्तित्वात येण्यापूर्वी कितीतरी शतके तो भाषेत होता. त्याच्यासाठी जे चिनी लिपिचिन्ह आहे ते पिळलेल्या सुताच्या दोन वेढ्यांसारखे, एकावर एक ठेवलेल्या दोन लहान गाठींसारखे दिसते, आणि रेशमाच्या धाग्यासाठी असलेल्या चिन्हाशी त्याचे नाते उघड आहे. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने चिनी लिपिचिन्हांचा जो कोश रचला त्यात या चिन्हाचा अर्थ लहान असा दिला असून, त्याची आकृती नवजात बालकावरून आलेली आहे असा तर्क केलेला आहे. तर्काची बाजू पुढील अभ्यासकांनी मानली नाही आणि त्यांचा कौल धाग्याच्या बाजूने पडला. परंतु लहान, सर्वांत धाकटा, हा अर्थ मात्र निर्विवाद आहे आणि तो आजही जिवंत आहे. सच्वान प्रांतात घरातील शेंडेफळाला या शब्दाने संबोधतात, आणि धाकट्या बहिणीला "याओ-मे" म्हणतात.

सर्वांत लहान या अर्थावरून सर्वांत लहान अंक या अर्थावर येण्यास एकच पाऊल पुरे होते, आणि ते पाऊल पडले ते फाशांच्या पटावर. फाशाच्या ज्या बाजूवर एकच ठिपका असतो तिला "याओ" म्हणतात. जुगाराच्या अड्ड्यावर फासे टाकताना जो आरडाओरडा होतो त्याला चिनी भाषेत "हू याओ ह ल्यौ", म्हणजे एकाचा पुकारा आणि सहाचा गजर, असे म्हणावयाची पद्धत पडली, आणि ती म्हण आजही पुस्तकी भाषेत वापरली जाते. माजाँग नावाच्या खेळात बांबूच्या चिन्हांची जी एक माळ असते तिच्यातील एकाच्या सोंगटीवर पक्षी काढलेला असतो, आणि त्या सोंगटीला "याओ-जी", म्हणजे एक नंबरची कोंबडी, म्हणतात. अंकाला असे खास नाव पडणे आपल्यालाही अपरिचित नाही. जुन्या मराठी शाळांत शून्याला पूज्य म्हणत, आणि एकावर पूज्य म्हणजे दहा हे मुले ज्या सहजतेने घोकीत त्याच सहजतेने चिनी मनुष्याच्या ओठांवर "याओ" येतो. ध्वनीच्या दृष्टीने पाहता, तो शब्द दूरध्वनीच्या कामाला जणू बेतूनच दिलेला होता : तोंड पूर्ण उघडून म्हटलेला "आ" आणि त्यामागून ओठ गोल करीत येणारा "ओ" हे दोन्ही त्या अरुंद पट्ट्यातून सुखरूप पलीकडे जातात, आणि एक ते नऊ या इतर कोणत्याही अंकाशी त्याचे यमक जुळत नाही.

ही सोय लष्कराने शेवटापर्यंत नेली. बिनतारी यंत्रावर, गोळीबाराच्या आवाजात, एखाद्या टेकडीचा किंवा तोफखान्याच्या माऱ्याचा क्रमांक चुकला तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको; म्हणून चिनी सैन्यात एकच नव्हे तर संशयास्पद असे सर्वच अंक बदलून टाकलेले आहेत. शून्याला "दोङ्", म्हणजे भोक, एकाला "याओ", दोनाला "अर्" च्या ऐवजी "ल्यांग", साताला "ग्वाय", म्हणजे वाकडी काठी, आणि नवाला "गो", म्हणजे आकडी किंवा गळ. भोक, काठी आणि गळ ही नावे उघडच ०, ७ आणि ९ या पाश्चात्त्य अंकांच्या आकृतींवरून ठेवलेली आहेत. प्रत्येक बदलाला कारण आहे : "लिङ्" आणि "ल्यौ" यांचा आरंभ एकाच व्यंजनाने होतो, "ल्यौ" आणि "ज्यौ", म्हणजे सहा आणि नऊ, यांचा शेवट एकाच स्वराने होतो, आणि "अर्" हा शब्द इतका मऊ आहे की खरखरीत तो विरून जातो. नागरी जीवनाने या साऱ्या यादीतून एक "याओ" तेवढा नित्याचा करून घेतला आणि बाकीचे शब्द सैन्याकडे, रेल्वेकडे व विमानांच्या कामकाजाकडे राहू दिले. मला यात व्यवहाराची चांगली जाण दिसते. सहा आणि नऊ यांचे व्यंजन वेगळे असून सूरही वेगळे आहेत, त्यामुळे शांत खोलीत त्यांचा गोंधळ सहसा होत नाही. व्यंजन ऐकू न आल्यास दुसरा कोणताच आधार राहू नये अशी जोडी एक आणि सात यांचीच होती.

येथवर आलेल्या वाचकाची अशी समजूत होईल की एकेक अंकाने वाचण्याच्या प्रत्येक ठिकाणी "याओ" येत असावा. सालांचे वाचन पाहिले की ही समजूत मोडते. इसवी सनाचे साल चिनी भाषेत अंकाअंकांनीच वाचतात आणि शेवटी वर्ष या अर्थाचा "न्येन" हा शब्द जोडतात. ज्या साली वूछांग येथे उठाव होऊन मांचू राजवट कोसळण्यास आरंभ झाला ते १९११ साल. यात तीन एक आहेत, तरी ते "यी ज्यौ यी यी न्येन" असेच वाचावयाचे. "याओ ज्यौ याओ याओ" असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला तो एखाद्या खोलीचा क्रमांक वाटेल. त्या उठावाच्या तारखेतील महिना आणि दिवस मात्र पुन्हा मोजदादीच्या शिरस्त्याने येतात : १० ऑक्टोबर म्हणजे "श्श युए श्श र्", दहावा महिना, दहावा दिवस. चिनी तारखेत साल आधी, मग महिना, मग दिवस असा मोठ्याकडून लहानाकडे क्रम असतो, आणि त्या क्रमाच्या पहिल्या पायरीवर एक शिरस्ता व पुढच्या दोन पायऱ्यांवर दुसरा.

साल वाचण्याची ही रीत चीनला जुनी नाही, आणि तिच्या नवेपणातच तिचे स्पष्टीकरण आहे. बादशहांच्या काळी कालगणना ज्या त्या राजाच्या शकाप्रमाणे होत असे; कांगशी बादशहाच्या कारकिर्दीचे एकसष्टावे वर्ष म्हणजे इसवी सन १७२२. हे एकसष्ट खरोखरीच मोजलेले असत, आणि ते सहा-दहा-एक असेच वाचले जात. १९१२ पासून प्रजासत्ताकाचा शक सुरू झाला, त्याचीही गणना तशीच. पुढे २७ सप्टेंबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये भरलेल्या राजकीय सल्लागार परिषदेने नव्या राज्यासाठी इसवी सनाचा स्वीकार केला, आणि त्यामुळे चार अंकी साल सर्व सरकारी दप्तरांत नित्याचे झाले. चार अंकी आकडा पडला म्हणजे तो एकेक अंकाने वाचण्याची जी प्रवृत्ती खोल्यांच्या क्रमांकांत दिसते तीच येथेही दिसते. शिवाय मोजदादीच्या शिरस्त्याने साल वाचण्यात एक अडचण होती : "न्येन" हा शब्द सालासाठी आणि कालावधीसाठी एकच आहे, म्हणून "एक हजार नऊशे अकरा न्येन" असे म्हटले तर त्याचा अर्थ १९११ वर्षांचा कालावधी असा होतो. अंक सुटे वाचले की ते साल, स्थाननामे लावून वाचले की तो कालावधी, असा भेद त्यामुळे आपोआप पडला. २००० या एका सालाने मात्र ही शिस्त थोडी मोडली. "अर् लिङ् लिङ् लिङ् न्येन" याच्या जोडीला "ल्यांग छ्येन न्येन", दोन हजार वर्षे, असेही लोक सर्रास म्हणू लागले, आणि तेथे साल की कालावधी हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.

सालात "याओ" का नाही, याचे उत्तर माझ्या मते असे आहे की साल कधी निराधार नसते. कोणी "यी ज्यौ" म्हणून आरंभ केला की ऐकणाऱ्याला शतक कळलेलेच असते. पहिला अंक साताचा असण्याचा संभवच नाही, आणि पुढचे अंक ज्या घटनेविषयी बोलणे चाललेले असते तिच्या ज्ञानाने तपासले जातात. दूरध्वनीच्या क्रमांकाला असा पाठीराखा कोणी नसतो. त्यातील प्रत्येक अंक दुसऱ्या कोणत्याही अंकाइतकाच संभवनीय, आणि एक चुकला तर सर्वच फुकट.

ऐतिहासिक दिवसांची जी आकडेवजा नावे चिनी भाषेत रूढ आहेत त्यांत या दोन प्रवृत्तींची सरमिसळ झालेली आढळते. १८ सप्टेंबर १९३१ रोजी शेन्यांगपाशी जपानी सैन्याने जो घाला घातला तो दिवस "ज्यौ यी बा", नऊ-एक-आठ, या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट हा चिनी सैन्याचा स्थापनादिन "बा यी" या नावाने साजरा होतो. ज्या सैन्याने बिनतारी यंत्रावर "यी" ला मज्जाव केला त्याचा स्वतःचा सणही "याओ" ने म्हटला जात नाही. याउलट १५ मार्च या ग्राहक हक्क दिनी सरकारी दूरचित्रवाणीवर फसव्या व्यापाऱ्यांचे पितळ उघडे पाडणारा जो कार्यक्रम १९९१ पासून होत आला आहे त्याचे नाव सर्वांच्या तोंडी "सान याओ वू" असे आहे. जुनी नावे इतिहासाच्या पुस्तकांतून आली आणि सालाच्या वळणावर गेली. नवे नाव क्रमांकाच्या वळणावर गेले. शुभ आकड्यांच्या बाबतीतही असेच. आठाचा "बा" हा भरभराट या अर्थाच्या "फा" शी जुळतो म्हणून १६८ हा आकडा "यी लू फा", म्हणजे वाटेने सर्वत्र भरभराट, या अर्थाने दुकानदारांना प्रिय, आणि ५१८ हा "वो याओ फा", मला भरभराट हवी, या अर्थाने. एकाच अंकाला पहिल्या आकड्यात "यी" म्हटल्यावाचून श्लेष साधत नाही, आणि दुसऱ्यात "याओ" म्हटल्यावाचून.

शेवटी या सर्व विवेचनाची हद्द कोठे संपते तेही सांगितले पाहिजे. तैवानमध्ये हीच प्रमाण बोली चालते, परंतु तेथे सामान्य मनुष्य आपला दूरध्वनी क्रमांक सांगताना "यी" च म्हणतो; "याओ" तेथे सैन्यात, पोलिसांत, आणि ११० व ११९ या संकटकाळच्या क्रमांकांच्या नावांत ऐकू येतो. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत एक म्हणजे "यत्" आणि सात म्हणजे "त्सत्". स्वर तोच, शेवटचे व्यंजन तेच, आणि सूरही दोहोंचा तोच उंच. म्हणजे गोंधळाचे कारण तेथेही उत्तरेइतकेच हजर आहे, तथापि तेथील लोक क्रमांक सांगताना एकाला दुसरे नाव देत नाहीत आणि "यत्" म्हणूनच आपले काम चालवितात. यावरून असे ठरते की ध्वनींचे साम्य हे "याओ" चे निमित्त खरे, पण तेवढ्याने तो रूढ झाला नाही. फाशांच्या पटावर आयता असलेला तो शब्द सैन्याने उचलला, दूरध्वनीच्या कारभाराने चालविला, आणि मग तो मुख्य भूमीवरील घरांच्या पाट्यांवर, बसच्या मार्गांवर आणि विमानांच्या फेऱ्यांवर पसरला, असा त्याचा प्रवास मानणे मला सयुक्तिक दिसते. प्रवाशाने त्यातून व्यवहारापुरते एवढे घ्यावे : मुख्य भूमीवर तीन वा अधिक अंकांचा क्रमांक सांगताना "याओ" म्हणावे, सालात आणि मोजदादीत "यी" म्हणावे, आणि तैपेईत वा हाँगकाँगात उतरल्यावर समोरचा जसे म्हणतो तसे म्हणावे.